रेंडर फार्मवर फ्रेममागे किती खर्च धरायचा? शुक्रवारची डेडलाईन आहे

सिंहगडरोडकर (सोमवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. बाणेरच्या एका गृहप्रकल्पाचा वॉकथ्रू करतोय. बिल्डरला दसऱ्याच्या बुकिंगसाठी हवा आहे आणि शुक्रवारी संध्याकाळी फायनल द्यायचाच आहे. ब्लेंडर, सायकल्स, १०८० रिझोल्यूशन, एक मिनिट, २५ फ्रेमने, म्हणजे १५०० फ्रेम. घरच्या मशीनमध्ये ३०६० ग्राफिक कार्ड, १२ जीबीचं. पहिली फ्रेम ३ मिनिटांत झाली. त्या हिशोबाने ७५ तास, म्हणजे तीन दिवस अखंड. पण गुरुवारी आमच्याकडे लाईट जाते, आणि बिल्डर शेवटच्या रात्री काहीतरी बदलायला सांगणार हे धरूनच चालावं लागतं.

त्यामुळे क्लाउडवर किंवा रेंडर फार्मवर टाकायचा विचार आहे. आधी कधी वापरलेलं नाही. फार्मवाल्यांच्या साईटवरचे कॅल्क्युलेटर काय वाट्टेल ते आकडे दाखवतात. फ्रेममागे खर्च नक्की कसा काढायचा? क्लायंटला आकडा उद्याच सांगायचा आहे.

मुक्ता_कोथरूड (१०:५२)

वाचतेय. मलाही लवकरच लागणार आहे.

पेठेतला पंत (११:०५)

फार्मबिर्म कशाला? मित्रांचे चार पीसी गोळा करा. शेअर्ड फोल्डरमध्ये फाईल ठेवायची, आउटपुटमध्ये `Overwrite` काढायचं, `Placeholders` लावायचं आणि सगळीकडे रेंडर सुरू करायचं. एका मशीनने घेतलेली फ्रेम दुसरं घेत नाही. आमच्या ऑफिसात आम्ही असंच करतो, एक रुपया लागत नाही.

नोडवाला (११:३०)

@सिंहगडरोडकर, आकड्याकडे यायच्या आधी एक विचारतो. पहिल्या फ्रेममध्ये दिसतं काय? बहुतेक वॉकथ्रू लांबून, ड्रोनसारख्या शॉटने सुरू होतात. अर्धी फ्रेम आकाश. ती फ्रेम सगळ्यांत स्वस्त असते. तिला १५०० ने गुणून येणारा आकडा बागेतल्या झाडांना आणि लॉबीतल्या काचांना लागू होत नाही. आज झोपायच्या आधी हे चालवून ठेवा:

```
blender -b walk.blend -o //test/f_#### -F PNG -s 1 -e 1500 -j 50 -a -- --cycles-device OPTIX
```

दर पन्नासावी फ्रेम निघेल, एकूण ३०. `-a` हे `-s`, `-e`, `-j` यांच्या नंतरच यायला हवं, कारण ब्लेंडर कमांड डावीकडून वाचत जातो आणि `-a` दिसलं की लगेच रेंडर सुरू करतो. शेवटचा भागही गाळू नका. बॅकग्राउंडमध्ये चालवताना जीपीयू ठरवलेला नसेल तर तो गुपचूप सीपीयूवर रेंडर करतो, आणि सकाळी उठून बघावं तर चारच फ्रेम झालेल्या असतात.

सकाळी प्रत्येक फ्रेमचा वेळ शॉटप्रमाणे लिहून इथे टाका. मग बोलू.

वाकडचा वाटसरू (११:४१)

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. दोन तासांची फिल्म एक्स्पोर्ट व्हायला रात्र जाते. हे फार्म त्यालाही चालेल का? रेट काय पडेल?

नोडवाला (११:४८)

@वाकडचा वाटसरू, नाही चालणार. थ्रीडीत फ्रेम क्र. ७०० काढायला ६९९ ची गरज नसते, म्हणून त्या शंभर मशीनवर वाटता येतात. तुमचा एक्स्पोर्ट ही एक सलग एन्कोडिंगची साखळी आहे, आणि वर शेकडो जीबी फूटेज आधी अपलोड करावं लागेल. तुम्ही प्रॉक्सी आणि ग्राफिक कार्डचं हार्डवेअर एन्कोडिंग बघा. त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे येतो.

सिंहगडरोडकर (मंगळवार, सकाळी ७:१५)

रात्रीत झालं. ३० फ्रेमचे आकडे:

ड्रोन शॉट, १० फ्रेम, प्रत्येकी साधारण ३ मिनिटं.
बाग, ८ फ्रेम, साधारण ९ मिनिटं.
लॉबी आणि सॅम्पल फ्लॅट, १२ फ्रेम, साधारण ६ मिनिटं.

एकूण १७४ मिनिटं, म्हणजे सरासरी ५.८. त्याला १५०० ने गुणलं तर १४५ तास. सहा दिवस! हातात जेमतेम चार आहेत.

मुक्ता_कोथरूड (७:४०)

बापरे, ७५ चे १४५. ही दर पन्नासाव्या फ्रेमची युक्ती मी लिहून ठेवली.

पेठेतला पंत (८:०२)

म्हणूनच म्हणतोय, चार पीसी जोडा. आणि विजेचाच हिशोब करायचा तर १४५ तास, ३५० वॅट, म्हणजे ५१ युनिट. पाचशे-सहाशे रुपयांत सगळं काम. फार्म याच्या जवळपास तरी येईल का?

शिल्पा_रेंडर्स (८:२५)

पंत, तुमची पद्धत चांगलीच आहे, मीही वापरली आहे, पण दोन गोष्टी सांगायला हव्यात. ती एका ऑफिसातल्या नेटवर्कवरच नीट चालते. मित्र धायरीला, तुम्ही पेठेत आणि फोल्डर ड्राइव्हवर सिंक होतोय, असं असेल तर प्लेसहोल्डर पोहोचेपर्यंत तीच फ्रेम दोन मशीन काढत बसतात. आणि एखादं मशीन मध्येच बंद पडलं, लाईट गेली, तर शून्य केबीची रिकामी फाईल मागे राहते. पुन्हा सुरू केल्यावर ब्लेंडरला वाटतं ती फ्रेम झाली आहे, आणि तो पुढे जातो. शेवटी फोल्डर साईझप्रमाणे लावून शून्य केबीवाल्या सगळ्या उडवाव्या लागतात. शिवाय १२ जीबी कार्डवर बनलेला सीन मित्राच्या ६ जीबीवर बहुतेक उघडणारच नाही.

पेठेतला पंत (८:३३)

शून्य केबीचं मान्य. पण आमच्याकडे सहाही मशीन सारखी आहेत, त्यामुळे मेमरीचा प्रश्न आला नाही. ज्याचं ऑफिस आहे त्याने हेच करावं, यावर मी ठाम आहे.

ढगफुटी (९:१०)

मोफत हवं असेल तर शीपइट आहे, ब्लेंडरसाठीच. आपलं मशीन दुसऱ्यांच्या फ्रेम काढायला द्यायचं, पॉइंट मिळतात, त्यावर आपला प्रोजेक्ट जातो. आणि पैसे टाकायचे तर फार्मपेक्षा थेट एडब्ल्यूएस. मुंबई रीजन आहे, स्पॉट मशीन घ्यायची, नेहमीच्या दराच्या कितीतरी खाली मिळतात. फार्मवाले त्याच मशीनवर आपला नफा लावतात.

नोडवाला (१०:२०)

@ढगफुटी, दोन्ही पर्याय खरे आहेत, पण या आठवड्यासाठी नाहीत. शीपइटवर पॉइंट जमवायचे तर स्वतःचं कार्ड दुसऱ्यांना द्यावं लागतं, आणि यांना तेच कार्ड आत्ता हवं आहे. फाईलच्या आकारालाही तिथे मर्यादा आहे. शिवाय जाहीर न झालेल्या प्रकल्पाचा सीन अनोळखी लोकांच्या मशीनवर जाणार, हे बिल्डरला चालेल का ते आधी विचारावं लागेल.

एडब्ल्यूएसवर नव्या अकाउंटला जीपीयू मशीनचा कोटा बहुधा शून्य असतो. वाढवून मागायचा, मग ते तपासून देणार. त्याला किती वेळ लागेल हे आपल्या हातात नसतं. स्पॉट मशीन काढून घ्यायच्या आधी दोन मिनिटांची सूचना मिळते. तुमची फ्रेम चार मिनिटांची असेल तर ती अर्धवट जाऊ शकते. फ्रेम झाल्या झाल्या बाहेर साठवायची सोय केलेली असली की नुकसान त्या एका फ्रेमपुरतं राहतं, पण ती सोय कुणी करायची? डेडलाईन नसताना शिकून ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

आता @सिंहगडरोडकर. कॅल्क्युलेटरच्या नादी लागू नका. ते तुमच्या कार्डाचा बेंचमार्क घेऊन भागाकार करतात, सीन लोड व्हायला लागणारा वेळ त्यांना माहीत नसतो. बहुतेक फार्म सुरुवातीला थोडं क्रेडिट मोफत देतात. त्यावर तीनच फ्रेम पाठवा: एक ड्रोन, एक बाग, एक फ्लॅट, आणि प्रत्येक प्रकारातली सरासरीच्या जवळची निवडा. फार्मने प्रत्येकीला किती मशीन-वेळ लावला ते बघा. त्यांच्या लॉगमध्ये लोडिंग किती आणि रेंडर किती हेही दिसतं.

पाठवण्याआधी `Pack Resources` करा, नाहीतर टेक्स्चर सापडणार नाहीत आणि झाडं गुलाबी येतील. आउटपुट पीएनजी ठेवा, व्हिडिओ नको. ब्लेंडरची आवृत्ती फार्मवर तीच निवडा.

सिंहगडरोडकर (दुपारी २:३०)

केलं. एका फार्मवर मशीन-तासाचा दर रुपयांत १२० पडतो, मधल्या प्रायॉरिटीचा. ड्रोन १.५ मिनिटं, बाग ४.५, फ्लॅट ३. तिन्हींत लोडिंगचे साधारण ४० सेकंद धरलेले आहेत.

ड्रोनच्या ५०० फ्रेम, बागेच्या ४००, आतल्या ६००. म्हणजे ७५० + १८०० + १८०० = ४३५० मिनिटं, ७२.५ तास. ८,७०० रुपये. फ्रेममागे ५ रुपये ८० पैसे. बरोबर आहे ना? आणि दहा मशीन लावली तर बिल दहापट होईल का?

खराडीचा_कर्ता (२:४४)

अर्थातच. जास्त मशीन म्हणजे जास्त बिल. कमी मशीन घ्या, रात्रभर चालू द्या.

नोडवाला (३:३०)

@खराडीचा_कर्ता, नाही हो. बिल मशीन-तासाचं असतं. एक मशीन ७२ तास किंवा ७२ मशीन एक तास, पैसे जवळपास तेवढेच. तुमचं म्हणणं एका जागी खरं ठरतं: प्रत्येक मशीनला सीन एकदा उतरवून लोड करावाच लागतो, आणि तो वेळ काही फार्म तुमच्या खात्यावर लावतात. साडेचारशे फ्रेमला दोनशे मशीन लावली तर तो वेळ डोईजड होतो. दहा मशीनला काही होत नाही. हायर प्रायॉरिटीला मात्र दर बदलतो, तिथे खरोखरच बिल वाढतं.

@सिंहगडरोडकर, गणित बरोबर आहे, पण त्या ४० सेकंदांकडे बघा. १५०० वेळा ४० सेकंद म्हणजे १००० मिनिटं. जवळजवळ १७ तास तुम्ही फक्त सीन उघडण्याचे पैसे देताय, सुमारे दोन हजार रुपये. घरी हे जाणवलं नाही, कारण तुमच्याकडे `Persistent Data` चालू असणार. फार्म एक फ्रेम म्हणजे एक काम धरतं, ब्लेंडर दर वेळी नव्याने उघडतं, त्यामुळे त्या सेटिंगचा फायदाच मिळत नाही. फार्मवर चंक साईझ नावाचा रकाना असतो, तिथे १ च्या जागी १० करा. दहा फ्रेम एकाच मशीनवर लागोपाठ, लोडिंग एकदाच. १५०० लोडिंगच्या जागी १५०. तुमच्या वॉकथ्रूत मुख्यतः कॅमेराच हलतो, म्हणून फायदा पुरेपूर मिळेल. सगळी झाडं वाऱ्यावर हलत असती तर एवढा नसता मिळाला.

दुसरं, ड्रोन शॉट घरीच करा. ५०० फ्रेम, ३ मिनिटं, २५ तास. आत्ता लावलं तर उद्या संध्याकाळी होईल, गुरुवारच्या लाईटच्या आधी. फार्मला फक्त बाग आणि आतला भाग. पण वाटणी शॉटची करा, एका शॉटच्या मधोमध तोडू नका. वेगळ्या कार्डावर डीनॉइझरचा निकाल किंचित वेगळा येऊ शकतो, आणि सलग शॉटमध्ये सांधा दिसतो.

सिंहगडरोडकर (४:१०)

ड्रोन घरी लावला. नवा हिशोब. बाग: ४० सेकंद वजा जाता २३० सेकंद गुणिले ४००, अधिक ४० लोडिंग, बरोबर २६ तास. आतला भाग: १४० सेकंद गुणिले ६००, अधिक ६० लोडिंग, २४ तास. एकूण ५० तास, ६,००० रुपये, १००० फ्रेमसाठी. दहा मशीन लावली तर पाच तासांत.

क्लायंटला फ्रेममागे ६ रुपये सांगू?

शिल्पा_रेंडर्स (४:३५)

थांबा, ६ सांगू नका! हा फक्त मशीनचा खर्च झाला, खिशातून जाणारा नाही. पुन्हा काढाव्या लागणाऱ्या फ्रेमसाठी मी २० टक्के धरते. ७,२०० झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी, ८,४९६. कार्ड परदेशी व्यवहाराला तीन-साडेतीन टक्के लावतं, ते धरून जवळपास ८,८००. म्हणजे फ्रेममागे ८ रुपये ८० पैसे. आणि कार्डावर परदेशी व्यवहार सुरू केलेत का ते आत्ताच बँकेच्या ॲपमध्ये बघा. नव्या कार्डांवर ते बंदच असतात, आणि रात्री दोन वाजता क्रेडिट संपल्यावर हे कळलं की फार पंचाईत होते.

खराडीचा_कर्ता (४:५०)

परदेशी कंपनी आहे ना? मग जीएसटी कसला?

हिशोबनीस_सदाशिव (५:२०)

लागतो. तुम्ही जीएसटीत नोंदणीकृत नसाल तर अशा ऑनलाईन सेवेवर परदेशी कंपनीनेच तो लावून सरकारकडे भरायचा असतो. नोंदणीकृत असाल तर बिलात दिसणार नाही, पण रिव्हर्स चार्जने तुम्ही स्वतः भरायचा आणि क्रेडिट घ्यायचं. तेव्हा तो शेवटी खर्चात धरायचा नाही, फक्त पैसे काही दिवस अडकतात. फार्मवर अकाउंट उघडताना जीएसटी नंबर टाकायची जागा असते, ती सोडू नका.

मुक्ता_कोथरूड (५:४५)

हा खर्च तुम्ही क्लायंटला वेगळा दाखवता की तुमच्या फीमध्येच धरता?

शिल्पा_रेंडर्स (६:०२)

वेगळा. शेवटच्या रात्री बिल्डर एलिव्हेशनचा रंग बदलायला सांगतो तेव्हा "चारशे फ्रेम, इतके रुपये" असं समोर ठेवता येतं. निम्मे बदल तिथेच थांबतात.

पेठेतला पंत (६:१५)

मी कधीच वेगळा दाखवत नाही. एकदा आकडा दिसला की क्लायंट त्यावर घासाघीस करत बसतो आणि मूळ फी बाजूलाच राहते.

सिंहगडरोडकर (बुधवार, रात्री ११:५०)

ड्रोन घरी पूर्ण. फार्मवर बाग आणि आतला भाग आज संध्याकाळी टाकला, दोन्ही आले. पण बागेत एक गडबड आहे. कारंजं दिसतं त्या ८० फ्रेममध्ये पाणी मध्येच झटका देतं. फ्रेम एकेक बघितली तर छान आहे, प्ले केलं की उडी मारते. सॅम्पल वाढवावेत का?

नोडवाला (गुरुवार, १२:०५)

सॅम्पलला हात लावू नका, उगाच बिल वाढेल. उडी नेमक्या कोणत्या फ्रेमला येते?

सिंहगडरोडकर (१२:१४)

७२१, ७३१, ७४१... दर दहाव्या!

नोडवाला (१२:२०)

मग नॉइझ नाही, सिम्युलेशन आहे. नॉइझ असता तर सगळीकडे चुळबुळ दिसली असती. तुमचा चंक दहाचा आहे. प्रत्येक मशीनने आपल्या पहिल्या फ्रेमला पाणी नव्याने सुरू केलं, कारण मागच्या फ्रेमचं पाणी त्याच्याकडे नव्हतंच. घरी तुम्ही पहिल्यापासून प्ले करता, म्हणून तिथे बरोबर दिसतं. कारंज्याचा कॅश घरी `Bake` करा, सीनच्या शेजारच्या फोल्डरमध्ये जाऊ द्या, तो फोल्डरही अपलोड करा आणि त्याच ८० फ्रेम पुन्हा टाका. आधी ७३० आणि ७३१ या दोनच काढून बघा.

ढगफुटी (१२:२८)

हे लॉगमध्ये कुठेच आलं नसतं. एररच नाही.

सिंहगडरोडकर (शुक्रवार, रात्री ९:३०)

दिलं. ७३० आणि ७३१ मधला झटका गेला, मग ८० च्या ८० काढल्या, तेही लाईट जायच्या आधी. अंतिम आकडे, पुढच्यांना उपयोगी पडतील म्हणून: अंदाज ५० तास होता, लागले ५४. सॅम्पल फ्लॅटच्या बाथरूममध्ये समोरासमोर दोन आरसे आहेत, तिथल्या फ्रेम दर पन्नासाव्यात आल्याच नव्हत्या. कारंज्याच्या ८० फ्रेमना आणखी ५.२ तास. एकूण ५९.२ तास, ७,१०४ रुपये. जीएसटी आणि कार्डाचं धरून जवळपास ८,६८०. शिल्पाताईंच्या २० टक्क्यांत जेमतेम बसलं. नोडवाला आणि शिल्पाताई, मनापासून आभार.

बिल्डरला आवडलं आहे. आता तो म्हणतोय, साईट ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनसाठी हेच ४के करून द्या. सरळ चारने गुणू का?

शिल्पा_रेंडर्स (९:५२)

मी गुणते. पिक्सेल चौपट, खर्च चौपट. क्लायंटलाही पटतं.

नोडवाला (१०:१५)

वरची मर्यादा म्हणून चौपट ठीक आहे. लोडिंग तेवढंच राहतं, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी येईल. उलट ४के मध्ये मेमरी जास्त लागते, आणि ड्रोन शॉट तुमच्या १२ जीबीत बसला नाही तर तोही फार्मवर जाईल, मग तो खर्च वाढणार. त्या तीन फ्रेम आणि आरशांची एक, अशा चार पुन्हा पाठवा. आणि स्क्रीन खरोखर ४के आहे का ते साईटवर जाऊन बघून या.